चौथ्या मुलाखतीनंतर

गूगलमध्ये एके काळी एकेका उमेदवाराच्या डझनभर मुलाखती व्हायच्या. कंपनीतल्या टॉड कार्लाइल यांनी जुन्या मुलाखतींचे गुण तपासले. चार मुलाखतींच्या सरासरीवरून निवडीचा निर्णय ८६ टक्के खात्रीने सांगता येत होता. पुढची प्रत्येक मुलाखत जेमतेम एका टक्क्याची भर घालत होती.

साध्या पदाला चारही लागत नाहीत. लहान कारखान्याला हिशेबनीस हवा असेल, तर पहिल्या फेरीत ४५ मिनिटं द्यावीत आणि नावं झाकलेल्या बिलांवरून जीएसटीचा ताळा जुळवून घ्यावा. दुसरीत मालकाने अर्धा तास पगार, वेळा आणि जबाबदारीबद्दल बोलावं.

दोन मुलाखतकारांच्या टिपणांत तेच प्रश्न दिसले, तर त्यातली एक फेरी उमेदवाराची रजा फुकट घालवते. ती सरळ काढून टाकावी.