रक्ताची गोष्ट : लेखांक नववा
हिमोग्लोबिन पुरेसे, साठा रिकामा

या आठवड्यात आतड्यातून लोहाचे शोषण कसे होते आणि जेवणानंतरचा चहा त्यात कोणता अडथळा आणतो, हे सांगण्याचे मी कबूल केले होते. परंतु मागील लेखांक वाचून सांगलीच्या एका शिक्षिका भगिनींनी जे पत्र पाठविले आहे, त्याचे उत्तर आधी देणे अगत्याचे वाटल्यामुळे तो विषय पुढे ढकलीत आहे.

या भगिनींचे वय ३६. वर्षभर त्यांचे केस इतके गळत आहेत की वेणी निम्मी झाली, आणि शाळेचे दोन जिने चढल्यावर वर्गात उभे राहून शिकविणे त्यांना जड जाते. पाळी सात-आठ दिवस चालते. पहिले तीन दिवस दर दोन तासांनी पॅड बदलावे लागते, रात्री त्यासाठी उठावे लागते आणि गाठी पडतात. तपासणीत हिमोग्लोबिन १२.४ आले, आणि प्रौढ स्त्रीच्या बाबतीत १२ ही खालची मर्यादा मानली जात असल्याने ‘रक्त उत्तम आहे, विश्रांती घ्या’ असा निर्वाळा त्यांना मिळाला. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी फेरिटिन तपासले, ते ९ निघाले. त्या विचारतात की रक्त उत्तम असेल, तर हा ९ चा आकडा काय सांगतो?

तो असे सांगतो की दोन्ही अहवाल खरे आहेत. मात्र ते दोन निरनिराळ्या गोष्टींविषयी बोलत आहेत. हिमोग्लोबिन हे रोज कामात असलेले लोह होय, तर फेरिटिन हे यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जा यांत राखून ठेवलेल्या लोहाचे पात्र. एखाद्या संस्थानचा रोजचा खर्च बिनबोभाट चालू असतो, पण खजिन्यातील शिल्लक केव्हाच संपलेली असते, तसाच हा प्रकार आहे. कारण लोह कमी पडू लागले की उपलब्ध लोहावर पहिला हक्क अस्थिमज्जेचा असतो, आणि तांबड्या पेशी तयार होत राहाव्यात म्हणून बाकीच्या अवयवांना टंचाई सोसावी लागते. हिमोग्लोबिन घसरते ते या क्रमात अगदी शेवटी. म्हणून रक्तक्षय नसतानाही लोहाची कमतरता असू शकते.

फेरिटिनच्या शोधाचा इतिहास मला फार प्रिय आहे. १९३७ साली चेकोस्लोव्हाकियातील विलेम लाउफबर्गर यांनी घोड्याच्या प्लीहेतून हे प्रथिन स्फटिकरूपाने वेगळे केले. तथापि रक्तद्रवात ते इतके अल्प असते की ते विश्वासाने मोजण्याची रीत १९७२ मध्ये वेल्समधील संशोधकांनी सिद्ध करीपर्यंत, साठा पाहावयाचा तर अस्थिमज्जेत सुई घालून नमुना काढणे हाच खात्रीचा मार्ग होता. आज दंडातून घेतलेल्या थोड्याशा रक्तावर तेच काम भागते. रक्तातील फेरिटिनचा प्रत्येक एकांक ढोबळ मानाने ८ मिलिग्रॅम साठ्याचा निदर्शक धरतात. म्हणजे या भगिनींचा साठा ७० मिलिग्रॅमच्या आसपास, जवळजवळ रिताच.

तो रिता कसा झाला, याचा हिशेब मांडता येतो. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये सुमारे ३.४ मिलिग्रॅम लोह असते. महिन्याला ८० मिलिलिटरहून अधिक रक्त जाणे हा अतिस्राव मानतात. त्यांच्या वर्णनावरून आपण १०० मिलिलिटर धरू. त्यात १२.४ ग्रॅम हिमोग्लोबिन, म्हणजे ४२ मिलिग्रॅम लोह गेले. त्वचा, आतडी यांतून रोज सुमारे एक मिलिग्रॅम जाते, ते धरून महिन्याचा व्यय ७० च्या घरात जातो. शाकाहारी जेवणातून रोज दीड मिलिग्रॅम शोषले गेले, तरी जमा ४५ च, तूट २५. साठा घटू लागला की आतडे अधिक लोह शोषते, म्हणून ही तूट काहीशी मंदावते. तरीही २५० मिलिग्रॅमचा साठा एक-दोन वर्षांत संपावा, यात नवल नाही.

थकव्याचे कारण येथेच सापडते. पेशींमध्ये अन्नापासून शक्ती निर्माण करणाऱ्या कित्येक विकरांना आणि स्नायूंतील मायोग्लोबिनलाही लोह लागते. रक्तक्षय नसलेल्या, पण फेरिटिन कमी असलेल्या थकलेल्या स्त्रियांना लोहाच्या गोळ्या दिल्यावर त्यांचा थकवा नुसत्या दिखाऊ गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा अधिक कमी झाल्याचे स्वित्झर्लंड आणि फ्रान्समधील प्रयोगांत दिसून आले आहे. केसांविषयी मात्र पुरावा इतका निःसंदिग्ध नाही. केशमूळातील पेशी फार वेगाने विभागतात, त्यामुळे टंचाईचा परिणाम त्यांच्यावर व्हावा हे सयुक्तिक आहे. परंतु थायरॉइडचा विकार, बाळंतपण, डेंग्यूसारखा ताप किंवा भांग रुंदावत जाणारे आनुवंशिक विरळपण यांनीही केस जातात. म्हणून फेरिटिनबरोबर थायरॉइडचीही तपासणी करून घ्यावी.

अहवाल वाचताना तीन सावधगिऱ्या पाळाव्यात. एक, अहवालावर छापलेली खालची मर्यादा प्रयोगशाळेगणिक बदलते. जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढांत १५ च्या खाली कमतरता मानते, आणि लक्षणे असतील तर अनेक तज्ज्ञ ३० पर्यंत संशय धरतात. तेव्हा १६ ला ‘नॉर्मल’ छापले म्हणून प्रकरण दप्तरी दाखल करू नये. दोन, ताप, सांध्यांचा दाह किंवा यकृताचा विकार असता फेरिटिन वाढते आणि खरी तूट झाकली जाते; म्हणून आजारातून उठल्यावर काही आठवड्यांनी तपासावे. तीन, केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेत असाल, तर काही यंत्रांवर फेरिटिन आणि थायरॉइडची टीएसएच तपासणी ही दोन्ही खोटीच कमी दिसू शकतात. प्रयोगशाळेला तसे सांगावे आणि डॉक्टरांना विचारून त्या गोळ्या काही दिवस आधी बंद कराव्यात.

उपचाराचे दोन भाग आहेत, आणि पहिल्यावरच थांबणे ही नेहमीची चूक होय. पहिला भाग लोहाची गोळी. एका मात्रेनंतर सुमारे दिवसभर हेप्सिडिन नावाचे संप्रेरक शोषणाला आडकाठी करते, म्हणून दिवसातून दोन-तीनदा घेण्यापेक्षा एकदा, किंवा सोसत नसेल तर दिवसाआड घेतलेली गोळी पुरते. शौच काळे होते, ते अपेक्षितच आहे. तीन महिन्यांनी फेरिटिन पुन्हा मोजावे. केस त्याहून उशिरा सावरतात, कारण विश्रांतीच्या अवस्थेत गेलेला केस दोन-तीन महिन्यांनी गळतो. आज गळणारा केस मागच्या ऋतूतील टंचाईचा असतो.

दुसरा भाग म्हणजे अंगावरून इतके का जाते, याची चौकशी. फायब्रॉइडच्या गाठी, तांबी, थायरॉइड, आणि वयात आल्यापासूनच पाळी अशी असेल तर रक्त गोठण्यातील जन्मजात दोष, यांचा शोध स्त्रीरोगतज्ज्ञांकडून घ्यावा. स्राव कमी करणारी औषधे आज उपलब्ध आहेत. हे न करता गोळ्या घेतल्या, तर त्या थांबताच वर मांडलेली तूट पुन्हा सुरू होते. ज्या भगिनींना पाळीत जास्त जाते, केस गळतात आणि थकवा हटत नाही, त्यांनी हिमोग्लोबिन १२ च्या वर आहे एवढ्यावर समाधान मानू नये. डॉक्टरांकडे फेरिटिनची तपासणी स्पष्ट शब्दांत मागावी.