लग्नाला सत्तावीस वर्षे आणि ‘हंग’चा कौल: यी चिंगमधली बत्तिसावी आकृती कशी वाचायची?

गोव्यात, तळकोकणात देवाला कौल लावला की उत्तर उजवं किंवा डावं असतं. पाकळी उजवीकडून पडली तर हो, डावीकडून पडली तर नाही. चीनमधल्या ‘यी चिंग’ या प्राचीन ग्रंथाला (इंग्रजी वळणाने आपल्याकडे ‘आय चिंग’ म्हणतात) प्रश्न विचारणारा माणूसही बऱ्याचदा हीच सवय घेऊन बसतो. पण तिथे हो-नाही मिळत नाही. मिळते ती सहा रेषांची एक आकृती आणि तिच्याखालचा थोडका, कोड्यासारखा मजकूर. त्या मजकुरात आपली परिस्थिती ओळखायची आणि पुढचं पाऊल आपणच ठरवायचं, अशी ही पद्धत आहे.

म्हणूनच ‘आमचं जुनं लग्न पुन्हा नव्याने उभं राहील का?’ असं विचारल्यावर बत्तिसावी आकृती आली की वाचणाऱ्याची हमखास गल्लत होते. या आकृतीचं नाव ‘हंग’, म्हणजे चिरस्थायित्व, टिकून राहणं. नाव वाचूनच लोक सुटकेचा श्वास सोडतात: टिकणार म्हणजे सगळं ठीक होणार. आकृतीचा मजकूर मात्र इतक्या स्वस्तात सुटत नाही.

आकृती येते कशी?

जुनी पद्धत काड्यांची. पन्नास काड्या घ्यायच्या, एक बाजूला ठेवायची आणि उरलेल्या एकोणपन्नास ठरलेल्या क्रमाने वाटत जायचं. हल्ली बहुतेक जण तीन नाणी वापरतात. छापा पडला तर ३ गुण, काटा पडला तर २. तिन्ही नाणी एकदम टाकली की बेरीज ६, ७, ८ किंवा ९ येते. ७ आणि ९ म्हणजे अखंड रेषा, यांग. ६ आणि ८ म्हणजे मधून तुटलेली रेषा, यिन. असं सहा वेळा करायचं आणि रेषा खालून वर मांडत जायच्या.

यातल्या ६ आणि ९ या रेषा ‘बदलत्या’ समजतात. त्या पिकून दुसऱ्या टोकाला निघालेल्या असतात: ९ची अखंड रेषा तुटते, ६ची तुटलेली जुळते. त्यातून दुसरी आकृती तयार होते. बाराव्या शतकातल्या चू शी या चिनी विद्वानाने वाचनाचे नियम घालून दिले. त्यानुसार एकही रेषा बदलती नसेल तर आकृतीचा मुख्य मजकूर वाचायचा, एकच बदलती असेल तर त्या रेषेचा मजकूर मुख्य धरायचा.

आता एक उदाहरण घेऊ. लग्नाला २७ वर्षे झालेलं जोडपं. भांडण नाही, संशय नाही. मुलगा आणि मुलगी दोघंही नोकरीसाठी बाहेरगावी. घरात बोलणं उरलंय ते विजेच्या बिलाचं, औषधांचं आणि ‘मुलांचा फोन आला होता का’ एवढंच. बायको नाणी टाकते. बेरजा येतात खालून वर ८, ७, ७, ९, ८, ८. ही झाली हंग, आणि चौथी रेषा बदलती.

हंग काय सांगते?

या आकृतीत खालच्या तीन रेषा वाऱ्याच्या आणि वरच्या तीन मेघगर्जनेच्या. यी चिंगच्या कुटुंबात गर्जना हा थोरला मुलगा आणि वारा ही थोरली मुलगी. आधीच्या एकतिसाव्या आकृतीत, ‘श्येन’मध्ये, धाकटा मुलगा आणि धाकटी मुलगी असतात. तिथला विषय आकर्षणाचा, जुळण्याचा. श्येन उलटी करून पाहिली की हंग होते. ग्रंथाला जोडलेल्या जुन्या टीकेत या क्रमाचं कारणही दिलंय: नवरा-बायकोचं नातं दीर्घकाळ चालायला हवं, म्हणून जुळण्यानंतर टिकण्याची आकृती. म्हणजे लग्नाबद्दल विचारल्यावर हंग येणं हे विषयाला धरूनच आहे.

पण टिकतं काय, हे नीट पाहायला हवं. गर्जना आणि वारा या जगातल्या सगळ्यात अस्थिर गोष्टी. तरी त्या एकमेकांबरोबर येतात, आणि दरवर्षी येतात. हंगमधलं टिकणं हे असं आहे, दगडासारखं जागच्या जागी बसून राहण्याचं नाही. मुख्य मजकुरात यश आहे, दोष नाही, चिकाटी लाभाची आहे; आणि शेवटी कुठेतरी जायला निघणंही लाभाचं आहे. टीकाकार या शेवटच्या भागाचा अर्थ असा लावतात की, जिथे एक गोष्ट संपते तिथून दुसरी सुरू होते.

हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर ३१ मार्चची अखेरची शिल्लक हीच १ एप्रिलची आरंभीची शिल्लक. जुनं खातं बंद केल्याशिवाय नवं उघडत नाही आणि नवं खातं शून्यापासूनही सुरू होत नाही. या जोडप्याच्या प्रश्नाला इथे पहिलं उत्तर मिळतं. २७ वर्षे पुसून ‘पुन्हा पहिल्यासारखं’ होणं या आकृतीत बसत नाही. एक पर्व संपलंय हे मान्य करून, आहे त्या शिलकीवर पुढचं पर्व उघडणं बसतं.

चौथी रेषा: शिकार नसलेलं रान

आता बदलती रेषा. चौथ्या रेषेचा मजकूर अगदी लहान आहे: रानात शिकारीला जावं आणि तिथे सावजच नसावं. टीकेत कारण दिलंय की माणूस आपली नसलेली जागा धरून फार काळ बसलाय, मग सावज मिळणार कुठून? रेषांच्या गणितातही हे दिसतं. चौथी जागा यिनची आणि तिथे बसलीय यांग रेषा.

चिकाटी कमी पडली असं ही रेषा म्हणत नाही. चिकाटी भरपूर आहे, रान चुकलंय. या जोडप्याचं रान कोणतं? वीस-बावीस वर्षे त्यांची जवळीक मुलांभोवती फिरली. शाळेचे डबे, दहावीचा अभ्यास, प्रवेशाची धावपळ, फीची जुळवाजुळव. तेव्हा सावज तिथेच होतं. मुलं गेली, पण दोघं अजून त्याच रानात जातात. संध्याकाळी बोलणं काढायचं तर मुलांचंच काढतात आणि दोन मिनिटांत ते संपतं. मग दोघांनाही वाटतं, आपल्यात काही उरलंच नाही. रेषा सांगते ते वेगळं: या रानात उरलं नाही.

ही रेषा बदलली की आकृती होते छेचाळिसावी, ‘शंग’, म्हणजे वर चढणं. वर जमीन, खाली लाकूड. मातीतून वर येणारं झाड. तिच्या टीकेत भर आहे तो लहान लहान गोष्टी साठवत मोठं होण्यावर. अंकुर मातीला धडक देत नाही, वाट काढत थोडा थोडा वर सरकतो. म्हणून इथे लग्नाच्या वाढदिवसाला मोठा समारंभ किंवा महागडी सहल हा अर्थ बसत नाही. नवऱ्याने गेल्या वर्षी गच्चीवर कुंड्यांत भाजी लावायला घेतली असेल आणि बायको तिकडे कधी फिरकली नसेल, तर रोज पंधरा मिनिटं तिथे जाणं हा अर्थ बसतो. शंगच्या मजकुरात जाणत्या माणसाला भेटण्याचाही उल्लेख आहे. आजच्या काळात ते समुपदेशक असतील किंवा दोघांनाही मान्य असलेलं घरातलं वडीलधारं माणूस.

दुसरी रेषा बदलती असती तर?

हंगचा मुख्य मजकूर चांगला, पण सहापैकी निखळ चांगली रेषा एकच, दुसरी. तिथे पश्चात्ताप सरतो. बाकीच्या रेषा टिकवण्याच्या नादात काय काय बिघडतं ते दाखवतात. पहिली रेषा सुरुवातीलाच फार खोल खणण्याची. रोज रात्री ‘आपल्यात नेमकं काय बिघडलं, आत्ता सांग’ असा तगादा लावणाऱ्याला ती लागू पडते. सहावी रेषा सतत हलवत राहण्याची, म्हणजे आज एक उपाय, उद्या दुसरा. दोन्ही अशुभ मानल्या आहेत. तोच प्रश्न, तीच आकृती, पण बदलती रेषा वेगळी आली की सल्ला पार बदलतो. नुसतं ‘हंग आली’ म्हणून भागत नाही ते यामुळे.

पाचवी रेषा आज वाचताना अडखळायला होतं. तिथला स्थिरपणा बायकोला शुभ आणि पुरुषाला अशुभ म्हटलाय, कारण त्या काळी बायकोने अनुसरावं आणि पुरुषाने ठरवावं अशी व्यवस्था होती. ही रेषा आली म्हणून बायकोने निमूट सोसावं, असा अर्थ काढणं हा त्या जुन्या समाजाचा कायदा आजच्या घरात आणणं झालं. अनुसरणं कुठे पुरेसं आणि निर्णय कुठे घ्यायलाच हवा, एवढा प्रश्न त्यातून घेता येतो.

वाचन कुठे थांबतं?

नाण्यांच्या पद्धतीत चौसष्टपैकी कोणतीही आकृती येण्याची शक्यता सारखीच, चौसष्टात एक. नाण्यांना नवऱ्याच्या मनातलं कळत नाही. आकृती फक्त विचारणाऱ्याशी बोलते. वरच्या उदाहरणात बायको गच्चीवर गेली तर नवरा खूश होईलच, असं कुठेही लिहिलेलं नाही. वाचनात सगळा दोष जोडीदाराच्या पदरात पडत असेल, किंवा येत्या आठवड्यात आपण काय करायचं हे त्यातून निघत नसेल, तर ते वाचन फसलं असं समजावं.

मनासारखं आलं नाही म्हणून पुन्हा नाणी टाकायलाही ग्रंथाचीच मनाई आहे. पहिल्यांदा विचारलं की उत्तर मिळतं, दुसऱ्या-तिसऱ्यांदा विचारणं हा आगाऊपणा, असं चौथ्या आकृतीत बजावलंय. आणि घरात मारहाण असेल, धाक असेल, तर तिथे प्रश्न लग्न टिकण्याचा राहत नाही, माणूस सुरक्षित राहण्याचा होतो. त्याचं उत्तर नाण्यांकडे मागू नये. माहेरची माणसं, पोलीस आणि वकील यांच्याकडे जावं.