अपघाताच्या अहवालातलं ‘कारण’

कारण म्हणजे काय, यावर आम्ही वर्गात अनेक वर्षं बोललो. आज तोच प्रश्न आपण प्रेस शॉपमध्ये नेऊ या. पत्र्याचे सुटे भाग ठोकणाऱ्या लहान वर्कशॉपमध्ये बोटं जाण्याचे अपघात होतात. समजा, त्यातलाच एक अहवाल आपल्यासमोर आहे.

रात्रपाळी चालू आहे. ऑपरेटर पत्र्याचा तुकडा हाताने डायमध्ये ठेवतो, पेडल दाबतो, रॅम खाली येऊन वर जातो. एकदा तयार भाग डायला चिकटतो. तो काढायला ऑपरेटर हात आत घालतो आणि रॅम पुन्हा खाली येतो. दोन बोटं जातात. अहवाल म्हणतो: कारण, कामगाराचा निष्काळजीपणा. उपाय, समज दिली.

आता पाहा, निष्काळजीपणा ही काही घटना नव्हे, तो निवाडा झाला. घटनाक्रमात जे घडलं तेवढंच यावं. तसं लिहायला बसलं की लगेच एक भोक दिसतं: दुसऱ्यांदा पेडल कोणी दाबलं? ऑपरेटर तर म्हणतो, पाय पेडलवर नव्हताच. त्याच्यावर नुसता विश्वास किंवा अविश्वास ठेवायची गरज नाही, हे तपासता येतं. जुन्या प्रेसला की-क्लच असतो. पेडल दाबलं की त्यातली की फिरत्या फ्लायव्हीलमध्ये अडकते आणि एक फेरा झाला की सुटते. की झिजली किंवा स्प्रिंग तुटली तर ती सुटत नाही, आणि प्रेस आपणहून दुसरा ठोका मारतो. म्हणून मशीन पुन्हा चालू करण्याआधी क्लच उघडून पाहायचा. प्रत्यक्षात बऱ्याचदा रक्त पुसून तासाभरात काम सुरू होतं, आणि पुरावा तिथेच संपतो.

समजा, स्प्रिंग तुटलेली सापडली. झालं? नाही. हात आत नसता तर तुटक्या स्प्रिंगने फक्त एक भाग वाया गेला असता. मग हात आत का होता? कारण गार्ड काढून ठेवला होता. तो का? कारण गार्ड लावला की अडकलेला भाग निघत नाही आणि पाळीचा आकडा भरत नाही. इथे आपण मुळापाशी आलो. त्या जागी दुसरा कोणी सावध माणूस उभा केला असता, तरी त्यानेही हात घातलाच असता.

उपायांत एक फसवं नाव वारंवार येतं: प्रकाशाचा पडदा, म्हणजे हात आडवा आला की मशीन थांबवणारा सेन्सर. की-क्लचच्या प्रेसवर तो कुचकामी आहे, कारण की एकदा अडकली की फेरा पुरा होईपर्यंत रॅम मधे थांबतच नाही. दोन हातांनी दाबायची बटणं घ्या. ती पहिला ठोका सांभाळतात, आपोआप पडणारा दुसरा नाही. इथे लागतो तो पक्का गार्ड: पत्रा आत जाईल, बोट जाणार नाही एवढीच फट असलेला. जोडीला हवेच्या झोताने भाग बाहेर फेकायची सोय, म्हणजे गार्ड काढायचं निमित्तच उरत नाही. क्लचची तपासणी ठरलेल्या मुदतीने. प्रत्येक उपायापुढे जबाबदार माणसाचं नाव आणि तारीख. आणि महिन्याभराने कोणीतरी न सांगता जाऊन पाहायचं की गार्ड जागेवर आहे का, तेही रात्रपाळीला.