पुडीवरची बारीक अक्षरं

रविवारी सकाळी अण्णांच्या सलूनमध्ये मिशीला कलप लावून घेतला. ही सवय अकरा वर्षांची. अण्णा स्टीलच्या वाटीत काळ्या मेंदीची पुडी ओततात, थोडं पाणी घालतात आणि जुन्या टूथब्रशने घोटतात. हिरवट लगदा डोळ्यांदेखत तपकिरी होतो, मग काळा. आपण खुर्चीत बसून पेपर वाचायचा, की काम झालं.

सोमवारी दिवसभर काही नाही. रात्री ओठाच्या वर खाज सुटली. मंगळवारी सकाळी आरशात पाहिलं तर वरचा ओठ टरारून सुजलेला, मिशीखाली बारीक पाणीदार फोड आणि पापण्या इतक्या फुगलेल्या, की डोळ्यांच्या नुसत्या फटी उरल्या होत्या. माझा संशय सोमवारच्या जेवणातल्या कोळंबीवर. कलपाचा विचारही मनात आला नाही. एक तर त्याला दोन दिवस होऊन गेले होते, आणि दुसरं, अकरा वर्षांत त्याने कधी त्रास दिला नव्हता.

"याच दोन गोष्टींनी सगळे फसतात," त्वचारोगाच्या डॉक्टरबाई म्हणाल्या.

कलपातला दोषी पदार्थ म्हणजे पॅरा-फेनिलीनडायअमाइन, थोडक्यात पीपीडी. गंमत अशी, की तो स्वतः रंग नव्हे. तो जवळजवळ रंगहीन, इवल्याशा रेणूंचा पदार्थ आहे. लहान असल्यामुळे तो केसात आत शिरतो. तिथे पेरॉक्साइडने त्याचं ऑक्सिडीकरण होतं, सोबतच्या दुसऱ्या रसायनांशी तो जोडला जातो आणि मोठा, काळा रेणू तयार होतो. तो मोठा झाल्यामुळे केसातून बाहेर पडू शकत नाही, म्हणून हा रंग धुऊन जात नाही. पण जो रेणू केसात शिरतो तो त्वचेतही शिरतो. अर्धवट प्रक्रिया झालेला पीपीडी त्वचेतल्या प्रथिनांना चिकटतो आणि शरीराच्या संरक्षक पेशींना ती प्रथिनं परकी वाटू लागतात. या पेशी एकदा ओळख पटवून बसल्या की ती सहसा जन्मभर टिकते. ओळख पहिल्याच वेळी पटेल असं नाही, दहाव्या वर्षीही पटू शकते. पुढच्या वेळी कलप लागला की त्या पेशी जमा व्हायला एक-दोन दिवस जातात. माझे रविवार ते मंगळवार हे तेच दोन दिवस. डोक्याला कलप लावणाऱ्यांचं डोकं पुष्कळदा फारसं बिघडत नाही. तिथली कातडी जाड असते. सूज दिसते ती पापण्यांवर, कानांच्या कडांवर, मानेवर. म्हणून रोगी आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो.

गोळ्यांनी सूज उतरली. त्वचा पूर्ण शांत झाल्यावर काही आठवड्यांनी पॅच टेस्ट झाली. पाठीवर ॲल्युमिनियमच्या चिमुकल्या वाट्यांची पट्टी चिकटवतात. प्रत्येक वाटीत एकेक संशयित पदार्थ असतो. पीपीडी व्हॅसलीनमध्ये एक टक्का मिसळलेला. सोमवारी पट्टी लावली, बुधवारी काढली. तोवर पाठीला पाणी लावायचं नाही, घाम येईल असं काम करायचं नाही. उन्हाळ्यात हे सोपं नव्हतं. बुधवारी पीपीडीच्या जागी लालसर गोल दिसला. शुक्रवारी तोच गोल फुगून त्यावर फोड आले होते. नुसती जळजळ असती तर शुक्रवारपर्यंत ओसरली असती, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. ॲलर्जीचा डाग चढत जातो.

मग त्यांनी एक विचित्र प्रश्न विचारला. समुद्रकिनाऱ्यावर कधी काळं टॅटू काढून घेतलंय? मी नाही, पण माझ्या मुलीने गोव्याला हातावर विंचू काढून घेतला होता, मेंदीचा म्हणून. मेंदी काळी होत नाही. तासाभरात काळंभोर रंगणाऱ्या त्या लगद्यात पीपीडी असतो, आणि युरोपात केसांच्या रंगासाठी मिसळल्यानंतर जी दोन टक्क्यांची मर्यादा आहे, तिच्या कितीतरी पट जास्त प्रमाण अशा टॅटूंमध्ये सापडलेलं आहे. कोवळ्या वयात तिथे ओळख पटते आणि वीस वर्षांनी पहिल्यांदा केस रंगवताना चेहरा सुजतो. मुलीला त्याच संध्याकाळी फोन केला.

दुसरा फोन अण्णांना. ते म्हणाले, "मास्तर, तुमचं तोंड सुजलं, पण माझी बोटं बघा." दोन वर्षं त्यांच्या बोटांच्या टोकांना चिरा पडत होत्या. ते साबणाला दोष देत होते. दिवसभर ओले हात, त्यात कलपाची वाटी. पुडीतले पातळ पॉलिथीनचे हातमोजे ते गिऱ्हाइकाचे केस धुताना काढून ठेवत. खरं तर ताजा रंग धुताना त्यांची सर्वांत जास्त गरज असते.

पुढच्या रविवारी भिंग घेऊन आम्ही दोघे त्यांच्या फळीवरचे खोके वाचत बसलो. आमच्या जुन्या काळ्या मेंदीच्या पुडीवर पुढे पानांचं चित्र आणि 'हर्बल'. मागे घटकांच्या यादीत मेंदी, आवळा, शिकेकाई, आणि शेवटी बेरियम पेरॉक्साइड व पॅरा-फेनिलीनडायअमाइन. पेरॉक्साइड पुडीतच असल्यामुळे फक्त पाणी पुरतं. दुसरा खोका 'अमोनियाविरहित'. अमोनिया केसाची खवलं उघडायला लागतो. तो काढला की उग्र वास जातो, पीपीडी नाही. तिसऱ्यावर ठळक 'पीपीडी नाही'. अण्णा खूश झाले. मी यादी वाचली तर टोल्यूइन-२,५-डायअमाइन सल्फेट. हा पीपीडीचा सख्खा भाऊ, पीपीडीची ॲलर्जी असलेल्या पुष्कळांना तोही सोसत नाही.

स्वतः पीपीडीही नावं बदलून येतो. कधी १,४-बेन्झिनडायअमाइन, कधी १,४-डायअमिनोबेन्झिन, कधी नुसता आकडा, सी. आय. ७६०६०. माझी खूण सोपी आहे. यादीत कुठेही 'डायअमाइन', 'डायअमिनो' किंवा ७६०६० दिसलं, किंवा लगदा वाटीत आपोआप काळा होत गेला, तर खोका परत फळीवर. यादीच नसेल तरीही परत.

आपल्याकडे नियमांनुसार कलपावर सूचना छापावी लागते: आधी कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला थोडा लावून चोवीस तासांनी बघा, प्रत्येक वेळी बघा, भुवया-पापण्यांना लावू नका, आंधळेपण येऊ शकतं. सूचना चांगली, पण चोवीस तास कमी आहेत. माझ्या बाबतीत चोवीस तासांनी सगळं ठीक दिसलं असतं. दोन-तीन दिवस थांबावं. आणि ज्याला एकदा सूज आली आहे त्याने ही चाचणी घरी करूच नये.

मग लावायचं काय? अण्णा आता माझ्यासाठी दोन वेगळ्या पुड्या ठेवतात, प्रत्येकीच्या यादीत एकच नाव. पहिली मेंदीची, लॉसोनिया इनर्मिस. भिजवून दोन तास ठेवली की मिशी नारिंगी होते, आणि त्या अवस्थेत रस्त्यावरून जायला हिंमत लागते. धुऊन लगेच दुसरी, निळीच्या पानांची, इंडिगोफेरा टिंक्टोरिया. ती कोमट पाण्यात कालवून दहा-पंधरा मिनिटांत लावावी लागते, जास्त ठेवली तर रंग मरतो. आणखी तासभर गेला की गडद तपकिरी येतो, जवळजवळ काळा. पूर्वी अर्ध्या तासात होणारं काम आता अर्धा दिवस घेतं, आणि पांढरी मुळं लवकर दिसू लागतात. क्वचित कुणाला निळीचाही त्रास होतो, म्हणून तीही आधी हातावर लावून पाहिली.

डॉक्टरबाईंनी दिलेला टाळायच्या पदार्थांचा कागद पाकिटात असतो. त्यावर पीपीडीखाली बेन्झोकेन लिहिलंय, हिरड्या बधिर करायच्या काही मलमांत ते असतं. दंतवैद्याकडे गेलो की तोंड उघडण्याआधी तो कागद त्यांच्या हातात देतो.