आगगाडीवरचा ट्रक किती धूर वाचवतो?

रायगड जिल्ह्यातल्या कोलाड स्थानकात मालगाडीच्या शेपटाला एक उतरता रॅम्प आहे. ट्रक त्यावरून चढतो आणि एका वाघिणीवरून दुसऱ्या वाघिणीवर असा गाडीच्या पाठीवरूनच पुढे सरकत जातो. वाघिणी सपाट, बिनभिंतींच्या. चढण्याआधी उंची तपासली जाते, कारण वर विजेची तार आहे आणि वाटेत बोगदे आहेत. ताडपत्रीखाली माल जरा जास्त फुगला असेल तर गाडी परत. जागेवर पोचल्यावर चाकांना अडण्या लागतात, साखळ्या आवळल्या जातात, आणि ड्रायव्हर-क्लीनर आपल्याच केबिनमध्ये पाय पसरतात. पुढचा मुक्काम गोव्यातले वेर्णा.

कोकण रेल्वेची ही रो-रो सेवा 1999 साली सुरू झाली. डिझेल वाचते, टायर वाचतात, घाट टळतात, हे ट्रकमालकांना पहिल्या फेरीतच कळले. आता मात्र माल पाठवणाऱ्या कंपन्या आणखी एक आकडा मागू लागल्या आहेत : या फेरीत कार्बन डायऑक्साइड किती कमी झाला? प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर हिशेब कसा मांडला यावर बरेच बदलते.

आधी रस्ता पाहू. दहा टन वजनाचा ट्रक, त्यात 18 टन माल, म्हणजे एकूण 28 टन. कोलाडच्या परिसरातल्या कारखान्यातून गोव्यातल्या गोदामापर्यंत 450 किलोमीटर धरू. घाटाच्या रस्त्यावर भरलेली गाडी लिटरला साडेतीनचे ॲव्हरेज देते असे मानले, तर सुमारे 129 लिटर डिझेल लागेल. एक लिटर डिझेल जळले की साधारण 2.68 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. डिझेलपेक्षा धूर वजनाने जास्त कसा, असे वाटेल. पण जळताना इंधनातला कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो आणि ते वजनही त्यात येते. एकूण झाले 345 किलो. याला 18 टन आणि 450 किलोमीटर यांच्या गुणाकाराने भागले की एक टन माल एक किलोमीटर नेण्याचा धूर मिळतो : सुमारे 43 ग्रॅम. टन-किलोमीटर हेच या क्षेत्राचे माप.

पण तो ट्रक परत कसा आला? गोव्यातून भाडे मिळाले नाही आणि गाडी रिकामी आली, तर लिटरला साडेपाचच्या हिशेबाने आणखी 82 लिटर गेले. माल तेवढाच, धूर मात्र 565 किलोंच्या घरात. टन-किलोमीटरला 43 चे 70 ग्रॅम झाले. मालवाहतुकीच्या उत्सर्जनाचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 14083 हे 2023 साली आले. रिकाम्या फेऱ्या मालाच्या खात्यात धरायच्या आणि डिझेल काढण्या-शुद्ध करण्यात झालेला धूरही मोजायचा, असे ते सांगते. शिवाय टन-किलोमीटर काढताना प्रत्यक्ष धावलेले अंतर घ्यायचे नाही. सर्वांत जवळच्या रस्त्याचे किंवा सरळ रेषेतले अंतर घ्यायचे. नाहीतर वळसा घालून गेलेला ट्रक कागदावर उगाच काटकसरी दिसतो.

आता तोच ट्रक वाघिणीवर चढवू. तुलना सोपी राहावी म्हणून फक्त जाण्याची फेरी आणि प्रत्यक्ष जळणातला धूर धरू. ट्रकचे 28 टन, त्याखालच्या वाघिणीचे सुमारे 24 टन आणि इंजिनाच्या वजनातला वाटा सहा टन. म्हणजे 18 टन माल हलवायला रेल्वे 58 टन ओढते. कोलाड ते वेर्णा 415 किलोमीटर. हजार टन एक किलोमीटर ओढायला आठ युनिट वीज लागते असे गृहीत धरले, तर सुमारे 193 युनिट होतात. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग 2022 पासून विजेवर आहे. पण देशातली बरीच वीज कोळशाची. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार युनिटमागे साधारण 0.72 किलो धूर धरावा लागतो. म्हणजे सुमारे 140 किलो. दोन्ही टोकांना ट्रक स्वतःच्या चाकांवर वीस-वीस किलोमीटर धावला, त्याचे 30 किलो. एकूण 170. रस्त्याच्या जवळपास निम्मे.

मालगाडीची ख्याती याहून मोठी आहे. मग बचत निम्म्यावरच का अडते? कारण रो-रो गाडी मालापेक्षा लोखंडच जास्त वाहते. हाच माल पोत्यांतून बंद वाघिणीत भरला असता, तर 21 टनांच्या वाघिणीत सत्तर टनांच्या आसपास माल मावतो आणि आपल्या 18 टनांमागे इंजिनाच्या वाट्यासह जेमतेम 25 टन ओढावे लागतात. रेल्वेवरचा धूर 60 किलोंवर येतो. पण मग मालधक्क्यापर्यंत एक ट्रक, मालधक्क्यापासून दुसरा, आणि दोघांची परतीची रिकामी फेरी : आणखी 50 किलो. बेरीज 110. रो-रोपेक्षा चांगलीच, पण पोती दोनदा चढवा-उतरवायची, हमाली द्यायची, फुटतूट सोसायची आणि पूर्ण रेक भरेल इतका माल जमवायचा. वीस-पंचवीस टनांच्या छोट्या व्यापाऱ्याला ते परवडत नाही. त्याच्यासाठी रो-रो हा मधला मार्ग आहे.

या मधल्या मार्गाचे दुखणेही हिशेबातच दिसते. गाडी निम्म्या वाघिणी रिकाम्या ठेवून निघाली, तर प्रत्येक ट्रकच्या वाट्याला 58 ऐवजी 88 टन येतात. धूर टोकांसह 240 किलो होतो आणि बचत निम्म्यावरून तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली घसरते. म्हणून ‘रेल्वेने पाठवला’ एवढ्यावर ठरावीक टक्के बचत लिहिणारा अहवाल वाचताना एक गोष्ट विचारावी : त्या दिवशी गाडी किती भरली होती?

समुद्रावरही हेच गणित चालते. गुजरातमध्ये घोघा ते हजिरा ही ट्रक नेणारी जहाजसेवा नोव्हेंबर 2020 मध्ये सुरू झाली. खंबातच्या आखाताला वळसा घालणारा 370 किलोमीटरचा रस्ता तिथे 90 किलोमीटरच्या सागरी मार्गाने वाचतो. असे जहाज ट्रकच्या वजनासह स्वतःचे भलेमोठे पोलादही वाहते, त्यामुळे त्याचा दर टन-किलोमीटरचा धूर काही फार कमी नसतो. फायदा येतो तो अंतरातून. जहाजाला वेग वाढवायची घाईही महाग पडते : वेग थोडा वाढवला तरी इंजिनाला लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात चढते.

सुट्या सिमेंटची गोष्ट वेगळी. सौराष्ट्रातल्या मूळ द्वारका बंदरातून अंबुजा कंपनीचे सिमेंट 1990 च्या दशकापासून जहाजाने पनवेलजवळच्या धक्क्यावर येते. इथे ट्रक नाही, पोती नाहीत. कारखान्याजवळच बंदर, जहाजाच्या पोटात नुसते सिमेंट, आणि उतरवायला ग्राहकाच्या बाजारपेठेशेजारीच स्वतःचे सायलो. परतताना जहाज बहुधा रिकामे जाते, ते खात्यात धरावेच लागते. पण हजारो टनांच्या एका खेपेत वाटले की प्रत्येक टनाला त्याचा भार थोडाच येतो. मात्र तेच सिमेंट पनवेलहून पुढे पुण्याला जायचे असेल, तर खंडाळ्याचा घाट ट्रकलाच चढावा लागतो आणि त्याचे डिझेल त्याच खात्यात पुढच्या ओळीला लिहावे लागते.