एक ओटा, तीन उंच्या : भोर-वेल्ह्याच्या स्वयंपाकघरातील एक प्रश्न

भोर आणि वेल्हे परिसरातील जुन्या घरात स्वयंपाकाच्या प्रत्येक कामास स्वतंत्र जागा होती, आणि त्या जागेस स्वतंत्र शब्दही होता. शिजवणे चुलीवर व तिच्या वैलावर, चिरणे विळीवर, भाकरी थापणे काठवटीत किंवा परातीत, धुणे मोरीवर. ओटा हा शब्द स्वयंपाकघरात मुख्यत्वे उभ्याने स्वयंपाक सुरू झाल्यावर रुळला. त्यापूर्वी तो अंगणातील, देवळापुढील वा झाडाभोवतालच्या बैठकीचा शब्द होता. आज हीच सर्व कामे एका दगडी फळीवर एकत्र आली आहेत आणि त्या फळीस एकच नाव मिळाले आहे. नाव एक झाले म्हणून उंचीही एकच असावी, असे आपण नकळत धरून चालतो. प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे ते हे की, ओटा हा शब्द एक असला तरी त्याच्या पोटात निदान तीन उंच्या आहेत.

या उंच्यांचे मूळ मापन कोपर होय. पाटावर बसलेल्या स्त्रीचा कोपर जमिनीपासून सुमारे एक वीत वर येतो. चुलीचा माथाही साधारण तितकाच असे. म्हणून तव्यावरील भाकरी उलटताना खांदा उचलावा लागत नसे. परात मात्र जमिनीवर असे, म्हणजे कोपराच्या बरीच खाली. त्यामुळे थापताना अंगाचा भार तळहातावर येई. या रचनेत धूर होता आणि पुनःपुन्हा ऊठबस करण्याचा गुडघ्यांना होणारा त्रास होता, हे विसरून तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु हाताच्या उंचीचा हिशेब तीत बरोबर जमलेला होता. उभ्या ओट्यावर तो नव्याने मांडावा लागतो, आणि तेथेच चूक होते.

पाश्चात्त्य देशांत हा हिशेब विसाव्या शतकाच्या आरंभी मांडला जाऊ लागला. अमेरिकेत ख्रिस्टिन फ्रेडरिक यांनी १९१३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गृहकृत्यातील हालचालींचा विचार केला. १९२६ साली मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की यांनी फ्रँकफर्टच्या वसाहतींसाठी आखलेले स्वयंपाकघर प्रसिद्धच आहे. परंतु अमेरिकेत रूढ झालेली सुमारे ९१ सेंटिमीटरची उंची आपल्याकडे उचलून चालत नाही. भारतीय प्रौढ स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर आहे. शिवाय त्या स्वयंपाकघरात भाकरी थापली जात नव्हती.

उभ्या माणसाचा कोपर त्याच्या उंचीच्या सुमारे ६३ टक्क्यांवर असतो. प्रमाण व्यक्तीगणिक थोडे बदलते, म्हणून प्रत्यक्ष मोजणे हेच उत्तम. अनवाणी उभे राहून दंड अंगालगत ठेवावा, हात कोपरात काटकोनात वाकवावा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचे अंतर घ्यावे. चिरण्या-निवडण्यासारख्या हलक्या कामाचा पृष्ठभाग या मापाच्या १० सेंटिमीटर खाली असावा. मळणे-थापणे यांत भार द्यावयाचा असतो. त्यासाठी १५ ते २० सेंटिमीटर खाली. शिजवताना पाहावयाचे ते फळीस नव्हे, तर शेगडीवरील भांड्यास. आणि धुताना पाहावयाचे ते भांडी धुण्याच्या सिंकच्या तळास, त्याच्या काठास नव्हे.

एक उदाहरण सोडवून पाहू. वेल्ह्याकडील एका घरात सासूबाईंची उंची १४६ आणि सुनेची १५८ सेंटिमीटर आहे, असे समजू. त्यांचे कोपर अनुक्रमे ९२ व सुमारे १०० सेंटिमीटरवर येतील. गवंडी पावणेतीन फुटांचा, म्हणजे ८४ सेंटिमीटरचा सपाट ओटा घालून देतो. चिरण्यास तो दोघींनाही चालण्याजोगा आहे. परंतु त्यावर १२ सेंटिमीटर उंचीची गॅसची शेगडी ठेवली की तवा ९६ च्या वर जातो, आणि १५ सेंटिमीटर उंच पातेल्याचा काठ १११ वर. सासूबाईंचा खांदा सुमारे १२० वर आहे. म्हणजे डाळ घोटताना त्यांचा हात जवळजवळ खांद्याइतका उचललेला राहतो. उलट सिंक २० सेंटिमीटर खोल असेल तर त्याचा तळ ६४ वर आणि भांडी घासणारा हात ७० च्या आसपास येतो. सुनेच्या कोपराच्या तो ३० सेंटिमीटर खाली आहे. सासूबाईंचा खांदा आणि सुनेची कंबर अशी दोन दुखणी एकाच फळीतून निघतात, आणि दोघींनाही वाटते की दोष आपल्या वयाचा वा प्रकृतीचा आहे.

उपाय असा. शेगडीखालचा भाग ७४ वर उतरवावा. तवा ८६ वर येईल. थापण्या-चिरण्याचा भाग ७७ वर घ्यावा. ही उंची सासूबाईंच्या कोपराच्या १५ खाली आहे. सुनेने थापताना जाड लाकडी पाट फळीवर ठेवावा. उंच व्यक्तीस पृष्ठभाग वर उचलता येतो, परंतु ठेंगण्या व्यक्तीस दगड खाली दाबता येत नाही. म्हणून दोघींत ठेंगणीचे माप धरावे. सिंकचा काठ मात्र ८८ वर उचलावा आणि त्याची खोली १६ ठेवावी. मग तळ ७२ वर आणि हात ७८ च्या सुमारास राहतो.

रुंदीविषयी, म्हणजे भिंतीपासून काठापर्यंतच्या मापाविषयी, ६० सेंटिमीटर पुरेसे असतात. कंबर न वाकवता हात काठापासून सुमारे ३५ ते ४० सेंटिमीटर आत सुखाने फिरतो. मागील पट्टी डब्यांसाठी. ओटा ७५ चा केला तर मागचा डबा घेताना पदर ज्योतीवरून जातो, हा धोका जागेच्या लोभापेक्षा मोठा आहे. फळीखाली कपाटे केल्यास जमिनीलगत १० सेंटिमीटर उंच व ८ सेंटिमीटर खोल खाच ठेवावी. पावलांची बोटे आत गेली नाहीत तर शरीर दूर उभे राहते आणि पाठ पुढे झुकते.

सिंकच्या जागेचा प्रश्न मोरीच्या वारशाशी जोडलेला आहे. मोरी परसाकडच्या कोपऱ्यात असे, कारण मातीच्या भिंतीस ओल लागू न देता पाणी बाहेर काढावयाचे असे. गवंडी आजही सिंक त्याच कोपऱ्यात नेतो. बाहेरची भिंत धरणे योग्यच आहे, कारण नळीस ४० ला १ असा उतार लागतो; परंतु कोपरा धरणे चूक. बाजूच्या भिंतीपासून निदान ४० सेंटिमीटर सोडावेत, म्हणजे कोपर आपटत नाही आणि धुतलेली भांडी पालथी घालता येतात. सिंक आणि शेगडी यांमध्ये ६० ते ९० सेंटिमीटरचा मोकळा भाग हवा, तोच थापण्या-चिरण्याचा. सिंक पुढील काठापासून ५ ते ७ सेंटिमीटरांहून आत नसावे. पदर व पोटाकडचे लुगडे वारंवार भिजत असेल, तर सिंक फार आत आहे किंवा फार खोल आहे, असे समजावे. पावसाळी वारा सह्याद्रीकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो. तेव्हा त्या बाजूच्या खिडकीपुढे शेगडी ठेवू नये.

दगड बसवण्यापूर्वी विटा रचून त्यांवर फळी टाकावी आणि आठ दिवस तीवरच भाकऱ्या थापाव्यात. खांदे कानांकडे चढत असतील तर एक वीट काढावी. कंबर ओढत असेल तर एक चढवावी. जी स्त्री गुडघे ठणठणीत असल्याने बसूनच थापते, तिच्यासाठी जमिनीवरची जागा राखावी. तीस उभे करण्याचा अट्टहास नको.

गवंड्यास 'पावणेतीन फुटांचा ओटा' असे सांगितले की एकच उंची मिळते, कारण शब्दात एकच वस्तू आहे. त्याऐवजी शेगडीची जागा, थापण्याची जागा आणि मोरीची जागा असे तीन शब्द व तीन आकडे भिंतीवर कोळशाने लिहून द्यावेत.