काळ्या शाईतले पांढरे वलय

गडचिरोली आणि चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात ताप आणि डोकेदुखी म्हटली की पहिली शंका हिवतापाची येते, आणि ती रास्तच असते. फाल्सिपेरम हिवताप मेंदूपर्यंत पोचला तर रोगी काही दिवसांतच बेशुद्ध होऊ शकतो. पण समजा, एटापल्लीकडच्या एका रोग्याची डोकेदुखी तीन आठवडे वाढतच गेली आहे, उलट्या होतात, नजर अंधूक झाली आहे आणि रक्तात हिवतापाचे जंतू सापडत नाहीत. मग डॉक्टर कमरेच्या मणक्यांमधून मेरुद्रव, म्हणजे लोक ज्याला ‘पाठीतले पाणी’ म्हणतात ते, काढून तपासतात. क्षयाच्या मेंदूज्वराची शंका असतेच. मात्र क्रिप्टोकोकस नावाची बुरशीही हुबेहूब अशीच लक्षणे निर्माण करते, विशेषतः एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसात. क्षयाची औषधे या बुरशीवर चालत नाहीत. म्हणून दोहोंतला फरक लवकर कळायला हवा.

ही बुरशी कबुतरांच्या विष्ठेत आणि झाडांच्या कुजक्या ढोलीत वाढते. दिल्लीतील संशोधकांनी 2003 मध्ये ती जांभूळ आणि पिंपळाच्या कुजलेल्या लाकडात आढळल्याचे प्रसिद्ध केले. श्वासावाटे ती फुप्फुसात शिरते आणि तेथून मेंदूच्या आवरणापर्यंत पोचते.

तिची पेशी गोल, साधारण 5 ते 7 मायक्रोमीटर व्यासाची असते. तिच्याभोवती बहुशर्करेचे जाड, बुळबुळीत संपुट असते. हे संपुट बहुतांशी पाणीच असल्याने मेरुद्रवात ते दिसत नाही आणि नेहमीचे रंगही नीट धरत नाही. म्हणून युक्ती उलटी केली जाते. वस्तू रंगवायची नाही, तिच्याभोवतीची पार्श्वभूमी काळी करायची. यालाच ऋण अभिरंजन म्हणतात.

त्यासाठी काजळीचे सूक्ष्म कण असलेली चित्रकलेची काळी शाई लागते. फाउंटन पेनची शाई चालत नाही, कारण तिच्यातला रंग पाण्यात विरघळलेला असतो. काजळीचे कण संपुटाच्या जाळीत शिरू शकत नाहीत आणि बाहेरच अडतात. त्यामुळे काळ्या पटावर पेशी आणि तिच्याभोवती स्वच्छ पांढरे वलय दिसते. वलय म्हणजे शाईला मज्जाव झालेली जागा, अर्थात संपुटाची जाडी. फुप्फुसातल्या भक्षक पेशींनाही हेच संपुट दाद देत नाही. म्हणजे जे आपल्याला दिसते, तेच बुरशीचे चिलखत असते.

मेरुद्रव थेट तपासला तर काय होते, याचा हिशेब करू. समजा, दर मिलिलिटरमध्ये 1000 पेशी आहेत. काचपट्टीवर 0.01 मिलि द्रव आणि तेवढीच शाई घेतली, तर 22 मिमी बाजूच्या आच्छादन काचेखाली 10 पेशी येतील. 40 पटीच्या भिंगाखाली या काचेची सुमारे 3000 दृश्यक्षेत्रे होतात. म्हणजे सरासरी 300 क्षेत्रांत एक पेशी! म्हणून 3 मिलि द्रव सेंट्रिफ्यूजमध्ये दहा मिनिटे फिरवून तळाचा 0.1 मिलि गाळ घेतात. पेशी सुमारे तीसपट दाट होतात आणि दर दहा क्षेत्रांत एक सापडू लागते. आधी 10 पटीच्या भिंगाने सगळी काच चाळायची आणि शंका येईल तेथे 40 पटीचे लावायचे.

शाई फार दाट झाली तर सगळेच काळेकुट्ट होते. काचपट्टी छापील कागदावर धरली असता अक्षरे वाचता यावीत इतकीच ती असावी. दुसरी चूक अधिक घातक असते. पांढऱ्या रक्तपेशी आणि हवेचे बुडबुडेही शाई दूर सारतात. पण पांढऱ्या पेशीभोवतीचे वलय अस्पष्ट कडेचे असते, आणि बुडबुड्याच्या आत काहीच नसते. खऱ्या बुरशीला ठळक पेशीभित्ती, रेखीव कडेचे वलय आणि अनेकदा अरुंद मानेने चिकटलेली कळी असते. शाईच्या बाटलीतही यीस्ट वाढू शकते. म्हणून नुसती शाई आणि सलाइन यांची एक काचपट्टी रोज पाहावी.

वलय दिसले नाही म्हणून रोग नाही असे मात्र म्हणता येत नाही. पेशी थोड्या असतील किंवा संपुट बारीक असेल, तर तपासणी चुकते. द्रवात विरघळलेल्या बहुशर्करेचा शोध घेणारी प्रतिजन-पट्टी याहून बरीच खात्रीची आहे, आणि आज जागतिक आरोग्य संघटनाही तिलाच पसंती देते.

आपल्या रोग्याच्या गाळात कळ्या फुटलेल्या, वलयांकित पेशी दिसल्या, असे धरू. अँफोटेरिसिन-बी आणि फ्लुसायटोसिन सुरू होते. विरघळलेल्या बहुशर्करेमुळे मेरुद्रवाचा निचरा तुंबून दाब वाढतो, म्हणून द्रव पुन्हा पुन्हा काढून तो उतरवावा लागतो. दोन आठवड्यांनी डोकेदुखी थांबते, पण काचपट्टीवर वलये अजून आहेतच. औषध लागू पडले नाही की काय? तसे नाही. मेलेल्या पेशीभोवतीही संपुट तसेच राहते, आणि शाई जिवंत-मेलेले ओळखत नाही. तो निकाल कवकसंवर्धनाचाच. बशीत काही वाढले नाही, तर काचपट्टीवरची ती वलये रिकामी चिलखते होत.